सासूबाईंच्या वांग्याचं बी

माझ्या सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही. मी लग्न होऊन औशाजवळच्या त्या खेड्यात आले, तेव्हा त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पण बाई गेल्या असल्या तरी घर सोडून गेल्या नव्हत्या. मी भाकरी थापली की मामंजी ती उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "हिची भाकर चंद्रावानी व्हायची." माझी भाकरी कशासारखी व्हायची ते कधी बोलले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. मी वरण केलं की सासूबाईंचं वरण निघायचं. अंगण झाडलं की सासूबाईंचं अंगण निघायचं. आणि वांग्याची भाजी केली, की मामंजी ताटावर नुसते बसून राहायचे.

"काय झालं मामा? तिखट झालं का?"

"न्हाई. हे वांगं न्हाई."

"मग काय आहे?"

"हे बाजारातलं हाय."

सासूबाईंचं वांगं वेगळं होतं म्हणे. पांढरट हिरवं, अंगठ्याएवढ्या देठाला काटे, आणि भरून शिजवलं की जिभेवर ठेवताच नाहीसं होणारं. त्यांनी ते बी आपल्या माहेराहून निलंग्याकडून आणलेलं. वीस-बावीस वर्षं दरसाल लावलं, दरसाल त्यातली दोन मोठी फळं पिवळी होईपर्यंत झाडावर ठेवली, बी धुतलं, वाळवलं, राखेत घोळलं आणि सुकलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून माळवदाच्या तुळईला टांगलं. मग पावसानं लागोपाठ दोन वर्षं हूल दिली. विहिरीचा तळ दिसला. माणसांना पाणी पुरेना, तिथं वांग्याला कोण घालणार? झाडं वाळली. पुढं त्या आजारी पडल्या आणि गेल्या. तुंबा तेवढा तुळईला राहिला. गावात दुसऱ्या कुणाकडं ते बी नव्हतं, कारण सासूबाई भाजी वाटायच्या पण बी कुणाला द्यायच्या नाहीत. हे मला समोरच्या काकूनं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज अजून दुखावलेला होता.

म्हणजे त्या तुंब्यात जे होतं तेवढंच होतं. ते उगवलं नाही तर ते वांगं संपलं.

मी आले त्या साली पाऊस बरा झाला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्याआधी कुठल्याही कागदासाठी धाराशिवला जावं लागायचं, आता जिल्हा दारात आला म्हणून गावात जो तो छाती काढून फिरत होता. जणू प्रत्येकानं एकेक वीट वाहून तो जिल्हा बांधला होता. माझ्या नवऱ्याला त्या नव्या जिल्ह्याच्याच एका ऑफिसात शिपायाची नोकरी लागली. तो सोमवारी जायचा आणि शनिवारी यायचा. मधले दिवस घरात मी, मामंजी, एक शेळी, चार कोंबड्या आणि सासूबाई.

विहिरीला पाणी आलं आणि मामंजींनी तुंबा खाली काढला.

मला वाटलं, मला बोलावतील. मी नांदेडची. माझे वडील तिथं एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. फुलझाडांची, भाज्यांची रोपं करण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. बी आणि माती यांच्यातच मी लहानाची मोठी झाले, असा माझा समज होता. पण मामंजींनी काही विचारलं नाही. रब्बी ज्वारीची पेरणी चालू होती. शेतातून ते आले ते तिफणीच्याच डोक्यानं आले. आमच्याकडं काळ्या रानात ज्वारी पेरतात ती चार बोटं खोल. वरची माती तोवर कोरडी झालेली असते, ओल असते खाली. बी ओलीपर्यंत पोचलं तरच उगवतं, नाहीतर पाखरं खातात. दुष्काळ काढलेल्या माणसाच्या अंगात ही गोष्ट एवढी भिनलेली असते की तो स्वप्नातही खोलच पेरत असेल.

मामंजींनी अंगणात वाफा केला, आणि तर्जनी पार दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून भोकं पाडली. एकेका भोकात तीळ टाकावा तसं बी टाकलं.

"मामा, लई खोल होतंय," मी चुलीजवळून म्हणाले.

"वर ओल हाय का?"

"पाणी घालायचंच आहे की आपल्याला."

"पाण्याचा काय भरवसा, पोरी?"

 दोन वर्षं ज्यांनी टँकरची वाट पाहिली त्यांना मी पाण्याचा भरवसा कुठून देणार होते?

पंधरा दिवस झाले. वाफ्यात गवत उगवलं, माठ उगवला, कुठून तरी आलेलं एक टमाटं उगवलं. वांगं नाही. मामंजी सकाळी उठून वाफ्यासमोर उकिडवे बसायचे आणि बघायचे. दाढी करताना बघायचे, चहा पिताना बघायचे. शेवटी मी खुरपं घेतलं आणि एका कोपऱ्यात उकरलं. बी उगवलेलं होतं! पांढरा, केसासारखा बारीक कोंब फुटून वरच्या दिशेनं निघालेला होता, मग वाकला होता, मग आडवा गेला होता आणि अर्ध्या वाटेत सुकून मेला होता. एवढ्याशा बियाच्या पोटात शिदोरी ती किती! ज्वारीचा दाणा टपोरा, तो चार बोटं चढून येतो. वांग्याचं बी चपटं, टिकलीच्या निम्म्याएवढं. त्याच्या डोक्यावर नखाएवढी माती पुरे, आणि आम्ही ढीगभर लादली होती.

मामंजींनी तो मेलेला कोंब तळहातावर घेतला. "चालत व्हतं बिचारं," म्हणाले. मग जरा वेळानं, "वाटंत ऱ्हायलं."

आता पाळी माझी होती, आणि मी ती अगदी थाटात घेतली. एवढ्या दिवसांच्या चंद्रावानी भाकरीचं उट्टं काढायचं होतं. तेलाचा रिकामा डबा आडवा कापून घेतला. वावरातली काळीभोर माती आणून पिठासारखी चाळली, डब्यात भरली, थापटून गुळगुळीत केली. बी वरच्या वर पसरलं, नखभर माती भुरभुरली. मामंजी दारात उभे राहून बघत होते.

"आमच्या नांदेडला असं करतात," मी म्हणाले. हे वाक्य मी त्या दिवशी सात-आठ वेळा तरी म्हटलं असेन.

आणि रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी. माझे वडील तसंच घालायचे. पण माझ्या वडिलांची माती गोदावरीच्या काठची होती, पोयट्याची, अर्धी वाळू. वरून घातलेलं पाणी बघता बघता खाली उतरायचं. शिवाय त्यांच्या कुंड्यांना खाली भोकं होती. मी मात्र भोकं पाडायला विसरले होते, आणि आमची काळी माती ही एकदा पाणी प्यायली की सोडत नाही, कर्ज घेतलेल्या माणसाला सावकार सोडत नाही तशी, असं काकू म्हणायची. त्यात मामंजींनाही राहवायचं नाही. मी घातलेलं पाणी कमी पडेल म्हणून ते दुपारी हळूच आणखी एक तांब्या ओतायचे. विहिरीला पाणी आलंय, मग कुणाला तहानेलं का ठेवायचं, असा त्यांचा हिशेब. प्रेमच ते, पण ओतलेलं.

आठव्या-नवव्या दिवशी चार रोपं वर आली. मी एवढी नाचले की शेळी दावं तोडून पळाली. मामंजींनी चहात साखर जास्त घालायला सांगितली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चारी रोपं मातीलगत मान मोडून आडवी. देठ बुडाशी दोऱ्याएवढा बारीक आणि काळपट झालेला. मातीवर हिरवी साय धरलेली. खुरप्यानं हलवली तर डबक्याच्या गाळासारखा वास आला. खालचं बी चिमटीत घेतलं तर त्याची नुसती बुळबुळ झाली. मातीत वारा शिरायला जागाच नव्हती. बी जितकं पितं तितकाच श्वासही घेतं, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचं नाक दाबलं होतं.

मामंजी डब्याकडं बघत राहिले. मी मान खाली घातली.

"नांदेडला असंच करतेत का?" त्यांनी विचारलं.

मी उठून आत गेले आणि परातीत पीठ घेऊन ते जरुरीपेक्षा बरंच जोरात मळलं. राग मामंजींचा नव्हता. राग माझा मलाच आला होता, कारण तुंब्यातलं निम्म्याहून जास्त बी आता संपलं होतं, आणि त्यातलं निम्मं मी बुडवलं होतं. ज्या बाईशी मी चार महिने मनातल्या मनात भांडत होते, तिची वस्तू मी माझ्या फुशारकीपायी घालवली होती. त्या रात्री मला प्रथमच सासूबाईंची भीती वाटली नाही, त्यांची लाज वाटली.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघं मिळून बसलो. ओढ्याची वाळू आणली, जुनं मुरलेलं शेणखत आणलं, एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग खत. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. बी नखभर खोल. पाणी हातानं शिंपडायचं, तेही बोट लावून वरची माती सुकलेली वाटली तरच. मामंजींना मी शपथ घातली की दुपारचा तांब्या बंद. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून डबा घरामागं, भिंतीच्या आडोशाला ठेवला. सगळं बरोबर केलं होतं.

तरी बी उगवेना.

आठ दिवस गेले, पंधरा गेले, बावीस गेले. मार्गशीर्ष संपून पौष लागला होता. सकाळी तोंड धुवायला पाणी हातात घेववत नव्हतं. मामंजी घोंगडी पांघरून डब्यासमोर बसायचे आणि त्याच्याशी बोलायचे. आधी गोडीत बोलले, मग जरा वरच्या आवाजात. एके दिवशी मी ऐकलं, "ऊठ की आता! किती झोपतीस? दीस कासराभर वर आला!" मग मागं वळून मी दिसले तर म्हणाले, "शेळीला बोलून ऱ्हायलो."

समोरची काकू म्हणाली, "बी रुसलंय. तिनं जिती असताना कुणाला दिलं न्हाई, आता मेल्यावर देती व्हय?"

 मामंजींनी ते ऐकलं, आणि त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. तेव्हा मला कळलं की हे भाजीचं राहिलेलं नाही. घरात सासूबाईंचा फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता. त्यांची दोन लुगडी लेकीनं नेली होती. मामंजींकडे त्यांचं म्हणून जे राहिलं होतं ते त्या तुंब्याच्या बुडाशी होतं, दोन चिमटीसुद्धा नाही.

तेव्हा मी नाक मुठीत धरून वडिलांना कार्ड टाकलं. आतापर्यंत टाकलं नव्हतं, कारण माळ्याची मुलगी वांगं उगवू शकत नाही हे कुठल्या तोंडानं लिहायचं? सगळी हकीकत लिहिली, बुडवण्यासकट. आठ दिवसांनी उत्तर आलं. वडील शाळेत फार गेले नव्हते, त्यांचं अक्षर गांडुळासारखं चालायचं. पण काय लिहिलं होतं! लिहिलं होतं, "पोरी, मिरची नि वांगं ही उन्हाळ्याची लेकरं आहेत. तू त्यांना पौषात भिंतीच्या सावलीत ठेवून उठा म्हणतीस. तू तरी उठशील का? उकरून बघ. बी नखानं दाब. आत पांढरं नि टणक असेल तर ते झोपलेलं आहे, बुळबुळीत असेल तर गेलेलं आहे. आणि दुसरी गोष्ट. बी जुनं आहे. चार वर्षांचं वांग्याचं बी म्हणजे म्हातारं. त्यातलं किती जितं हे मातीत घालून कळत नसतं. आधी दहा बिया मोजून ओल्या फडक्यात बांध, चुलीमागं उबेला ठेव. दहात किती फुटतात ते बघ, मग हट्ट कर." शेवटी लिहिलं होतं, "माझं नाव सांगत होतीस म्हणे तिकडं. डब्याला भोकं पाडायला मी शिकवलं नव्हतं का?"

हे कार्ड मी मामंजींना वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळली.

आम्ही डबा उकरला. बारीक बी मातीतून वेचणं म्हणजे पिठातून मीठ वेचणं. मामंजींना दोनच बिया सापडल्या, बाकीच्या कुजून मातीत मिळाल्या होत्या. त्यांनी नखानं दाबल्या. आत पांढरं, टणक होतं. "झोपलीय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं. दाबल्यामुळं त्या दोन्ही मेल्या, हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

तुंब्यातलं उरलेलं बी मी ताटलीत ओतलं, राख फुंकली आणि मोजलं. चौसष्ट. त्यातल्या दहा ओल्या फडक्यात बांधून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवल्या. फडकं ओलं करायचं आणि घट्ट पिळायचं, पाणी टपकायला नको, असा मी स्वतःला दम दिला होता. सातव्या दिवशी उघडलं तर तीन बियांना पांढरं टोक फुटलं होतं. नवव्या दिवशीही तीनच.

"बाकीच्या सात?" मामंजींनी विचारलं.

"त्या गेल्या असतील, मामा. जुनं बी आहे."

त्यांनी त्या सात बिया बोटानं बाजूला केल्या. "म्हंजी आपण मातीला, पाण्याला शिव्या देत व्हतो. त्यातल्या निम्म्या आधीच गेलेल्या व्हत्या."

"निम्म्याहून जास्त."

त्या तीन फुटलेल्या बिया मी अलगद डब्यात लावल्या आणि डबा अंगणात उन्हाला ठेवला. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात पांढऱ्या कोंबडीनं येऊन डबा उकरला आणि तिन्ही खाल्ल्या. त्या कोंबडीचं पुढं काय झालं हे सांगायला नको. रविवारी नवरा घरी होता, आणि रस्सा झकास झाला होता. मामंजींनी भाकरी कुस्करता कुस्करता विचारलं, "हिच्या पोटात त्या गावल्या का गं?" नवऱ्याला काही कळलं नाही. तो आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला.

राहिल्या चोपन्न. आता एकदाच.

चुलीमागची ऊब दिवसा चटका देते आणि चूल विझली की पहाटेपर्यंत कोनाडा गार पडतो. सारखी ऊब हवी होती. कार्डाच्या कडेला वडिलांनी उभं लिहिलं होतं की माझी आजी थंडीत मिरचीचं बी ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचायची. अंगाची ऊब दिवसरात्र एकच असते. मी तशी पुरचुंडी केली, वर एरंडाचं पान गुंडाळलं आणि कमरेला बांधायला दोरी शोधू लागले.

"इकडं दे," मामंजी म्हणाले.

"मामा, हे बायकांचं काम आहे."

"बी कुणाचं हाय?"

"सासूबाईंचं."

"मग माझ्याच पोटाला बांध."

आणि सदऱ्याच्या आत, धोतराच्या वर, बेंबीच्या जरा डावीकडं त्यांनी ती पुरचुंडी करगोट्याला बांधली. पुढचे दिवस आमच्या घरात काय चाललं होतं ते बाहेरच्यानं बघितलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असंच म्हटलं असतं. मामंजी उजव्या कुशीवरच झोपायचे. वाकायचे नाहीत. मोट नाही, मोळी नाही. खोकला आला तर पोटावर हात धरून खोकायचे. रोज दुपारी उन्हात बसून पुरचुंडी उघडायची, बियांना वारा लागू द्यायचा, फडकं सुकलं असेल तर चार थेंब शिंपडायचे आणि पुन्हा बांधायची. काकूनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "कितवा म्हैना?" पाचव्या दिवशी ती खरोखरच चिंच घेऊन आली. मामंजींनी ती चिंच घेतली आणि खाल्ली.

आठव्या दिवशी लातूरला जायची तारीख होती. आमच्या वावराच्या नकाशाची नक्कल हवी होती. जुनी कागदपत्रं धाराशिवहून गाठोडी बांधून नव्या जिल्ह्याच्या दफ्तरात आली होती. मामंजींना वाचता येत नव्हतं आणि नवऱ्याला ऑफिसातून सुटता येत नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं. मी म्हणाले, पुरचुंडी आज माझ्याकडं द्या. दिली नाही.

नवं दफ्तर म्हणजे भाड्याची इमारत, चुन्याचा वास, आणि भिंतीला टेकून छतापर्यंत रचलेली लाल फडक्यातली गाठोडी. त्यांच्यामध्ये एक कारकून बसला होता. तरुण होता, पण गाठोड्यांनी त्याला दोन महिन्यांत म्हातारा केला होता. आमचा नंबर यायला दुपार झाली. त्यानं अर्ज वाचला, मग त्याची नजर मामंजींच्या पोटावर गेली. सदऱ्यावर ओला डाग पडला होता.

"बाबा, पोटाला काय झालंय? ऑपरेशन का?"

"न्हाई, साहेब."

"मग काय बांधलंय?"

मामंजी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "घरवाली हाय."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मागच्या रांगेतला एक माणूस एक पाऊल मागं सरकला.

"उघडायची येळ झाली," मामंजी मला म्हणाले, आणि मी थांबवायच्या आत त्यांनी सदरा वर करून पुरचुंडी सोडली आणि कारकुनाच्या टेबलावर, आमच्याच अर्जावर ठेवली. एरंडाचं पान उलगडलं. फडकं उलगडलं. कालपर्यंत त्यात काही नव्हतं. परवाही नव्हतं. आज नाही तर मग बहुतेक कधीच नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांना मी सांगितलं नव्हतं.

फडक्यावर पांढरी टोकं होती. तांदळाच्या कणीच्याही निम्मी, पण होती.

 मामंजी बोट न लावता, हवेतच बोट फिरवत मोजू लागले. मला त्यांचे ओठ हललेले दिसत होते. "अकरा," ते म्हणाले.

कारकून म्हणाला, "बाबा, हे दफ्तर आहे." मग तो खुर्चीतून अर्धा उठला, चष्मा कपाळावर चढवला, वाकला. "बारा आहेत. ही बघा, घडीखाली एक." मागची रांग टेबलाभोवती गोळा झाली. कुणी विचारलं काय आहे, कुणी सांगितलं वांगं आहे. तिथल्या शिपायानं पंखा बंद केला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. नाहीतरी पौषात तो पंखा कुणी आणि कशाला लावला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

नकाशाचं काही झालं नाही. आमच्या गावाचं गाठोडं अजून सुटलं नव्हतं, महिनाभरानं या, असं कारकून म्हणाला. एरवी मामंजींनी अख्खं दफ्तर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "हाव, येतो की. तुमी दमानं सोडा."

परतीची एसटी दुपारची होती, अर्धीअधिक रिकामी. मी खिडकीजवळ बसले आणि शेजारची जागा पदरानं पुसली. मामंजी बसेनात. एका हातानं वरची दांडी धरून, दुसरा हात पोटावर ठेवून ते मधेच उभे राहिले. गाडी सुटली, खड्ड्यात आपटली, ते डोलले, पण बसले नाहीत.

"बसा की, मामा."

"बसलं की पोट दुमडतंय. कोंब मोडतील."

"मग सरळ बसा, जरा मागं रेलून."

"बस तू."

कंडक्टर तिकीट फाडत आला. "बाबा, समदी गाडी रिकामी हाय, उभं कामून ऱ्हायलाव?" मामंजींनी नुसती मान हलवली. तो कपाळाला हात लावून पुढं गेला. मला राग आला. त्यांच्या गुडघ्यांना रात्री तेल मीच लावायचे. लातूर ते औसा उभ्यानं जाऊन पुन्हा रात्री कण्हणार, आणि मी ऐकणार.

"मामा, गुडघे दुखतील. तीस पैशांच्या फडक्यासाठी एवढं काय?"

त्यांनी सदऱ्यावरून पुरचुंडी चाचपली. मग माझ्याकडं न बघता, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेवटाला दोनदा हिला लातूरच्या दवाखान्यात आणली व्हती. गाडीला ही गर्दी. दोन्ही बारीला एकच जागा गावली."

मी खिडकीकडून त्यांच्याकडं वळले.

"ती म्हनली, तुमचे गुडगे दुखतेत, तुमी बसा." गाडी पुन्हा आपटली आणि त्यांनी दांडी घट्ट धरली. "मी बसलो की गं."

सहा महिने मी त्या बाईच्या भाकरीवर जळले होते. बारा बियांतली सात झाडं पुढं जगली, त्यांची वांगी मी स्वतः भरून केली, आणि मामंजींनी ती खाताना तोंडातून एक शब्द काढला नाही. पण त्या एसटीत यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मला एवढंच समजलं की आता आपल्याला बसवणार नाही. मी उठले, त्यांच्या शेजारी जाऊन दांडी धरली, आणि औसा येईपर्यंत आम्ही दोघं रिकाम्या गाडीत उभेच राहिलो.